यूएटी स्क्रिप्ट: ऑर्डर ते वसुली (नवीन ईआरपी, वेर्णा गोदाम व मडगाव काउंटर)

ही स्क्रिप्ट काउंटर, गोदाम आणि लेखा विभागाच्या लोकांनी स्वतः चालवायची आहे. ईआरपी बसवणाऱ्यांनी शेजारी बसावे, पण माउसला हात लावू नये. स्क्रीनवर लाल संदेश आला नाही म्हणून कसोटी ‘पास’ होत नाही. खाली लिहिलेली रक्कम खातेवहीत रुपयापर्यंत जुळली तरच पास. प्रत्येक पायरीला प्रत्यक्ष आलेला आकडा आणि दस्तऐवजाचा क्रमांक लिहा. नुसते ‘ओके’ चालणार नाही.

कसोट्या दिलेल्या क्रमानेच करा, कारण एकीचा उरलेला साठा पुढची वापरते. ई-इनव्हॉइस आणि ई-वे बिलाची जोडणी चाचणी पोर्टलला आहे याची लेखा विभागाने आधी खात्री करावी. खऱ्या पोर्टलवर एकही बिल जाता कामा नये.

सुरुवातीची माहिती

पीव्हीसी पाइप ११० मिमी: विक्री दर ९००, खरेदी मूल्य ७००, साठा २०० नग. पितळी नळ: विक्री दर ४५०, साठा १,००० नग. दोन्हींवर जीएसटी १८ टक्के. बिलाची एकूण रक्कम जवळच्या रुपयाला पूर्णांक.

ग्राहक चार. फोंड्याचा कंत्राटदार (सूट ५ टक्के, उधारी ३० दिवस), सावंतवाडीचा डीलर (महाराष्ट्र, राज्य कोड २७, सूट ५ टक्के), कळंगुटचे हॉटेल (सूट नाही, क्रेडिट लिमिट २,००,०००, आधीची बाकी १,५०,०००) आणि एक सरकारी खाते (सूट नाही). हॉटेल सोडून कोणाचीही आधीची बाकी नाही.

कसोटी १: सरळ उधारीची विक्री

काउंटरने फोंड्याच्या कंत्राटदाराची ४० पाइपची ऑर्डर घ्यावी. दर आणि सूट आपोआप आली पाहिजे. हाताने भरावी लागली तर तिथेच नापास. गोदामाने डिलिव्हरी चलन करावे, लेखा विभागाने बिल.

अपेक्षित: करपात्र रक्कम ३४,२००, सीजीएसटी ३,०७८, एसजीएसटी ३,०७८, एकूण ४०,३५६. चलन होताच साठा १६० आणि विकलेल्या मालाच्या खर्चात २८,००० नावे. बिलावर ६४ अक्षरांचा आयआरएन आणि क्यूआर कोड छापलेला हवा. मोबाइलने तो कोड वाचून पाहा. अस्पष्ट छापला गेला तर गाडी तपासणीत अडकते.

कसोटी २: अपुरा साठा, परराज्य

सावंतवाडीच्या डीलरची २४० पाइपची ऑर्डर घ्या. गोदामात १६० आहेत, तेवढेच पाठवा.

अपेक्षित: करपात्र १,३६,८००, आयजीएसटी २४,६२४, एकूण १,६१,४२४. ८० नग ऑर्डरवर बाकी दिसावेत, बिलात नाही. रक्कम ५०,००० च्या वर असल्याने ई-वे बिल तयार व्हावे. साठा शून्य असताना आणखी एका पाइपचे चलन करून पाहा. सिस्टीमने नकार द्यावा.

कसोटी ३: बिल एकाला, माल दुसरीकडे

ही कसोटी घाईत उरकू नका. त्याच डीलरने २० नळ मागवले, पण माल थेट पेडण्यातल्या त्याच्या गिऱ्हाइकाच्या साइटवर टाकायला सांगितला. माल गोव्याबाहेर जात नाही म्हणून सीजीएसटी-एसजीएसटी लावायचा मोह होतो. परंतु ज्याच्या सांगण्यावरून माल दिला त्याचे व्यवसायाचे ठिकाण महाराष्ट्रात आहे, म्हणून पुरवठ्याचे ठिकाणही महाराष्ट्र धरले जाते.

अपेक्षित: करपात्र ८,५५०, आयजीएसटी १,५३९, एकूण १०,०८९. डिलिव्हरीचा पत्ता बदलल्यावर कर बदलला तर कर ठरवण्याची रचनाच चुकली आहे. ही त्रुटी ‘गंभीर’ म्हणून नोंदवा.

कसोटी ४: क्रेडिट लिमिट

आकडे मुद्दाम असे निवडले आहेत. हॉटेलची १०० नळांची ऑर्डर कराविना ४५,००० होते. बाकी धरून १,९५,०००, म्हणजे लिमिटच्या आत. करासह ५३,१०० होते आणि एकूण २,०३,१०० वर जाते. ऑर्डर `Credit Hold` मध्ये अडकली नाही, तर सिस्टीम कर सोडून लिमिट मोजते आहे.

१. ऑर्डर अडकल्याचे पाहून रद्द करा.
२. ५० नळांच्या दोन ऑर्डरी घ्या, पहिलीचे चलन न करता. पहिली सुटावी (१,७६,५५०), दुसरी अडकावी. सीझनच्या तोंडावर ऑर्डरी अशाच तुकड्यांनी येतात, म्हणून माल न गेलेल्या ऑर्डरीही लिमिटमध्ये धरल्या गेल्याच पाहिजेत.
३. अडकलेल्या ऑर्डरचे चलन गोदामाच्या लॉगिनने करून पाहा. होता कामा नये.
४. काउंटरच्या लॉगिनने मंजुरी देऊन पाहा. बटण दिसताच कामा नये. मग लेखाप्रमुखांनी कारण लिहून मंजुरी द्यावी.
५. मंजुरीनंतर नग ५० चे ६० करा. ऑर्डर पुन्हा अडकली पाहिजे. ५० करून पुन्हा मंजुरी घ्या, दोन्ही ऑर्डरींचे मिळून एक बिल करा: ५३,१००.

पाचवी पायरी नापास झाली तर मंजुरीला काहीच अर्थ उरत नाही.

कसोटी ५: फुटका माल परत

फोंड्याहून ४ पाइप तडकलेले परत आले. क्रेडिट नोट मूळ बिलाचा संदर्भ घेऊनच बनावी.

अपेक्षित: करपात्र ३,४२०, सीजीएसटी व एसजीएसटी प्रत्येकी ३०७.८०, एकूण ४,०३६ (४० पैसे पूर्णांक खात्यात). चारही पाइप खराब मालाच्या जागी दिसावेत. विक्रीच्या साठ्यात आले तर ते सावंतवाडीच्या बाकी ८० नगांना लागू होतील आणि तडकलेला माल डीलरकडे जाईल.

कसोटी ६: वसुली

कंत्राटदाराचा ३६,००० चा चेक नोंदवा. बाकी ३२० राहावी. सिस्टीमने ती आपोआप सोडून देऊ नये, कारण बाकी सोडून देण्याची मर्यादा १० रुपयांची आहे. मग चेक परत आल्याची नोंद करा. बाकी ३६,३२० व्हावी आणि थकबाकीचे दिवस मूळ बिलाच्या देय तारखेपासून मोजले जावेत. चेक परतल्याच्या तारखेपासून मोजले तर जुनी उधारी ताजी दिसते, आणि वसुलीला निघणारा माणूस नेमका तोच दरवाजा सोडून पुढे जातो.

सरकारी खात्याला ६०० नळ, एकाच कंत्राटाखाली: करपात्र २,७०,०००, कर ४८,६००, एकूण ३,१८,६००. कंत्राट २.५ लाखांच्या वर असल्याने ते खाते करपात्र रकमेवर २ टक्के जीएसटी टीडीएस कापते. बँकेत ३,१३,२०० येतील. उरलेले ५,४०० केंद्र व राज्य असे २,७००-२,७०० टीडीएस येणे खात्यात जावेत आणि ग्राहकाची बाकी शून्य व्हावी.

कसोटी ७: बिल रद्द

हॉटेलची बाकी आता लिमिटच्या वर आहे, म्हणून लेखाप्रमुखांच्या मंजुरीने त्याला एका नळाचे नवे बिल करून त्याचा आयआरएन २४ तासांच्या आत रद्द करा. माल साठ्यात परत यावा. तोच बिल क्रमांक पुन्हा वापरू देता कामा नये. मुदत उलटल्यावर ‘रद्द’ चालू नये, क्रेडिट नोटच करावी लागावी. त्यासाठी तशाच मंजुरीने आणखी एका नळाचे बिल आजच करून ठेवा आणि २४ तास उलटल्यावर त्यावर हे पाहा. त्या बिलाची पूर्ण क्रेडिट नोट करा आणि तो नळ विक्रीच्या साठ्यात परत घ्या.

शेवटची जुळवणी

लेखा विभागाने एकट्याने करावी. सर्व कसोट्यांनंतर येणे खाते ४,१०,९३३: कंत्राटदार ३६,३२०, डीलर १,७१,५१३, हॉटेल २,०३,१००. सीजीएसटी देणे ३१,१२०.२० आणि एसजीएसटी तेवढाच, आयजीएसटी २६,१६३. साठा: पाइप शून्य, खराब ४, नळ २८०. ग्राहकनिहाय यादीची बेरीज आणि खातेवहीतले येणे खाते यांत एका रुपयाचाही फरक असेल तर कोणीही सही करू नये. गंभीर त्रुटी दुरुस्त झाल्यावर फक्त ती पायरी नव्हे, कसोटी १ पासून सगळे पुन्हा चालवायचे. विक्री, गोदाम आणि लेखा या तिघांच्या सह्या झाल्याशिवाय जुनी सिस्टीम बंद होणार नाही.