लेसन प्लॅन: माणसांचे 'वंश' पाडायला बसलो की काय होतं (इयत्ता सातवी)

वर्ग ४० च्या आसपास मुलांचा, वेळ ३५ मिनिटांचे दोन जोडतास. आमच्याकडे शनिवारी मिळतात, तुमच्याकडे नसतील तर पीटीच्या सरांकडून एक तास मागून घ्या. विषय विज्ञान पण अर्धा इतिहास आहे, त्यामुळे दोन्ही शिक्षक मिळून घेतला तर उत्तमच.

सामान: स्टॅम्पपॅड दोन, पाठकोरे कागद, पट्ट्या, खडू, हात पुसायला जुनं फडकं. बाकी काही नाही.

तासाअखेर मुलांना काय कळायला हवं: माणसामाणसांत फरक असतात पण त्या फरकांवरून कप्पे पाडायला गेलं की दर वेळी वेगळेच कप्पे पडतात, आणि रेघ कुठे मारायची हे शरीर सांगत नाही, रेघ मारणारा ठरवतो. "सगळे सारखेच असतात" असं फळ्यावर लिहून मोकळं होऊ नका प्लीज, मुलांना डोळे आहेत, त्यांना ते खोटं वाटतं आणि मग पुढचं काहीच ऐकत नाहीत.

आधी एक ताकीद. मुलांचा रंग, नाक, केस, आडनाव यातलं काहीही वर्गात तुलनेला घ्यायचं नाही. गंमत म्हणून पण नाही. ज्या पोराला घरी 'काळ्या' म्हणतात त्याचा तो तास वाया जातो.

अ‍ॅक्टिव्हिटी १: कोपरे (१५ मिनिटं)

बाकं बाजूला सारा. पहिली हाक: ज्यांना जीभ नळीसारखी गुंडाळता येते ते खिडकीकडे, बाकीचे दाराकडे. (इथे दोन मिनिटं नुसता हैदोस असतो, होऊ द्या.) प्रत्येकाने आपल्या बाजूला कोण आहे ते वहीत लिहायचं. दुसरी हाक: दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंफा, डावा अंगठा वर आलेले खिडकीकडे, उजवा वर आलेले दाराकडे. परत नावं लिहा. तिसरी: उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचा ठसा कागदावर उमटवा, शंख, चक्र की कमान ते बघा, तीन गट.

आता विचारा, तिन्ही वेळा तुझ्यासोबत कोण कोण होतं? जीभवाला दोस्त अंगठ्याला पलीकडे गेलेला असतो, ठशाला तिसरीकडेच. मग खरा प्रश्न टाका: यातली 'खरी' वाटणी कुठली? मुलं भांडतात. भांडू द्या, उत्तर देऊ नका.

इथे एक वाक्य पुरे: त्वचेचा रंग, रक्तगट, उंची, दूध पचणं या गोष्टी पण अशाच आपापल्या वाटेने जातात, एक माहीत झाली म्हणून दुसरी कळत नाही. तमिळनाडूतला, पापुआ न्यू गिनीतला आणि घानामधला माणूस तिघंही सावळे-काळे असू शकतात, कारण तिन्हीकडे ऊन कडक, जवळचं नातं असलंच पाहिजे असं नाही.

अ‍ॅक्टिव्हिटी २: पंजा मोजा (२० मिनिटं)

मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत लांबी, आणि अंगठा सोडून तळहाताची रुंदी. रुंदी भागिले लांबी गुणिले १००. म्हणजे ७ सेमी रुंद आणि १६ सेमी लांब असेल तर ४३.७५, तो ४४ धरा. गणिताची रिव्हिजन फुकटात होते.

सगळे आकडे चढत्या क्रमाने फळ्यावर एका ओळीत लिहा, नावं नाहीत, नुसते आकडे. मग चार गट करा आणि प्रत्येक गटाला सांगा की या ओळीचे तीन 'प्रकार' पाडा, रेघा मारा, प्रकारांना नावं पण द्या. चार गटांच्या रेघा चार रंगांच्या खडूने मारून घ्या. रेघा जुळत नाहीत. आणि ४२ वाला 'लांबपंजा' आणि ४३ वाला 'मधला' असं का, हे विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात.

मग सांगा की हे खरंच झालंय, पंजाऐवजी नाकावर. हर्बर्ट रिस्ली नावाचा इंग्रज अधिकारी, १९०१ च्या जनगणनेचा कमिशनर, नाकाची रुंदी आणि उंची यांचं असंच गुणोत्तर काढायचा. ७० च्या खाली बारीक नाक, ७० ते ८५ मध्यम, वर रुंद. त्यावरून लोकांचे वंश ठरवले आणि जातींची उतरंड पण नाकाशी जोडली. मराठी माणसांना त्याने 'सिथो-द्रविडियन' हा कप्पा दिला होता. मुलांना हे फार आवडतं, दिवसभर एकमेकांना सिथो म्हणत फिरतात.

याच्याच जोडीला इरावती कर्वे सांगा. १९२० च्या दशकाच्या शेवटी त्या बर्लिनला पीएचडीला होत्या, गाईड ऑयगेन फिशर. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूतल्या फरकाचा वंशाशी संबंध आहे असं गाईडला वाटत होतं, बाईंनी कवट्या मोजल्या आणि तसा संबंध दिसत नाही असं प्रबंधात लिहिलं. गाईडच्या विरुद्ध, परक्या देशात. इथे मी जरा थांबतो.

अ‍ॅक्टिव्हिटी ३: कोर्ट (२५ मिनिटं)

तासाचा जीव इथे आहे, वेळ कमी पडला तर वरचं कापा, हे नाही.

अमेरिकेत तेव्हा बाहेरून आलेल्यांपैकी 'गोरे' आणि आफ्रिकन वंशाचे एवढ्यांनाच नागरिक होता यायचं. पाच मुलं जज. पहिली चिठ्ठी: ताकाओ ओझावा, जपानमध्ये जन्म, २० वर्षं अमेरिकेत, तिथेच शिकला, म्हणतो माझी कातडी तर गोरीच आहे. जज निकाल देतात. मग खरा निकाल वाचा, १९२२: रंगाला महत्त्व नाही, गोरा म्हणजे कॉकेशियन, म्हणजे तेव्हाचे शास्त्रज्ञ युरोपीय वगैरे लोकांना ज्या वंशात टाकायचे तो, जपानी तो नाही, अर्ज नामंजूर.

दुसरी चिठ्ठी: भगतसिंग थिंड, पंजाबचा, पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होता. तो म्हणतो, तुमचेच शास्त्रज्ञ उत्तर भारतीयांना कॉकेशियन म्हणतात, मग मी गोरा. आता जज अडकतात, कारण मघाचा नियम लावला तर हा पास व्हायला हवा. खरा निकाल, फेब्रुवारी १९२३, तीनच महिन्यांनी, लिहिणारे न्यायमूर्ती तेच, जॉर्ज सदरलँड: शास्त्रज्ञ काय म्हणतात ते सोडा, सामान्य माणूस ज्याला गोरा म्हणतो तोच गोरा. नामंजूर. आधी नागरिक झालेल्या बऱ्याच भारतीयांचं नागरिकत्व पण यानंतर काढून घेतलं.

"हे तर चीटिंग आहे" असं कुणी ना कुणी ओरडतंच. "नियम कधी बदलला?" एवढंच विचारा.

मग फळ्यावर: अमेरिकेतला भारतीय माणूस, जनगणनेत वंश. १९३० ला 'हिंदू' (शीख असो, मुसलमान असो, तरी हिंदूच), १९७० ला 'गोरा', १९८० ला 'एशियन इंडियन'. माणूस तोच, घर तेच.

हमखास येणारे प्रश्न

"पण सर, आफ्रिकन माणूस बघून ओळखू येतो की." येतो, कारण आपण मुंबईहून विमानाने थेट नैरोबीला उतरल्याची कल्पना करतो. इजिप्तपासून नाईलच्या काठाने युगांडापर्यंत पायी गेलास तर कुठल्या गावात लोक 'बदलले' ते दाखव. नकाशा काढून बोट फिरवायला लावा.

"मग सिकलसेल आदिवासींनाच का?" विदर्भ-नंदुरबारकडे हा प्रश्न येणारच. त्यांनाच नाही, आफ्रिकेत, अरबस्तानात, ग्रीसमध्ये पण आहे. जिथे पिढ्यान्‌पिढ्या मलेरिया होता तिथे हा जीन टिकला, कारण एकच प्रत असलेल्याला मलेरियापासून थोडं संरक्षण मिळतं.

"म्हणजे जातीसारखंच का?" दाबू नका हा प्रश्न. कुणाच्या घरचं उदाहरण न घेता रिस्लीकडे परत जा. आणि "वंश खोटे तर वर्णद्वेष पण खोटा" असं कुणी म्हणालं तर थिंडला नागरिकत्व कुणी नाकारलं ते विचारा.

जाताना (५ मिनिटं)

चिठ्ठीवर दोन ओळी, नाव न लिहिता: "माझ्या पंजाचा आकडा ज्या गटात गेला तो गट कुणी ठरवला, आणि दुसऱ्याने ठरवला असता तर मी कुठे गेलो असतो?" मार्क द्यायचे नाहीत. 'देवाने ठरवला' किंवा 'हाडांनी' असं लिहिणारे पाच-सातपेक्षा जास्त निघाले तर सोमवारी अ‍ॅक्टिव्हिटी २ परत घ्या, या वेळी पावलांवर.