वैशालीताई, सोमवारपासून मी स्कूटीवर येते

लातूर
७ फेब्रुवारी २०२६

वैशालीताईंना सप्रेम नमस्कार,

परवा डॉक्टरांनी एक्स-रे बघून आता स्कूटी चालवायला हरकत नाही म्हणून सांगितलं. गाडीत तुम्हाला ते सांगितलं, तर तुम्ही "बरं झालं बाई" म्हणालात आणि लगेच आठवीच्या वह्यांचा विषय काढलात. आभाराचं बोलणं निघालं की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे लिहून देते आहे.

सप्टेंबरच्या मध्याला मी पुन्हा रुजू व्हायचं ठरलं, तेव्हा पायाचं प्लास्टर नुकतंच निघालं होतं. एसटीनं यायचं तर आधी स्टँड गाठायचं, औशात उतरून पुन्हा ऑटो बघायचा. वॉकर घेऊन ते जमणारं नव्हतं. रजाही संपल्या होत्या. बिनपगारी रजेचा अर्ज मी लिहून ठेवला होता, तो अजून पर्समध्ये आहे. त्या रात्री तुमचा फोन आला, "उद्या साडेनऊला येते, तयार राहा."

तुमचं घर औसा रोडला, माझं अंबाजोगाई रोडला. तुम्हाला शाळेचा वीसेक किलोमीटरचा सरळ रस्ता होता. तो सोडून रोज शिवाजी चौकाच्या गर्दीतून आधी माझ्याकडे यायचं आणि त्याच गर्दीतून माघारी फिरायचं. संध्याकाळी पुन्हा तेच. पेट्रोलचे पैसे काढले तर म्हणालात, "उगं काहीतरी करू नका, गाडी तर जातीच आहे." ताई, गाडी औशाला जात होती हे खरं. अंबाजोगाई रोडला मात्र ती फक्त माझ्यासाठी येत होती.

पण रस्त्याच्या हिशेबापेक्षा मला दुसरंच जास्त आठवतं. तुम्ही खाली येऊन कधी हॉर्न वाजवला नाही. एक मिस्ड कॉल द्यायचा आणि गप्प थांबायचं. मी जिन्यावर घाई करू नये म्हणून, हे मला बऱ्याच दिवसांनी लक्षात आलं. पुढची सीट मागे सरकवून ठेवलेली असायची आणि टाचेखाली घ्यायला तुमच्या आदित्यची ती निळी उशी. सप्टेंबरच्या त्या पावसात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीन पाण्यात उभं होतं. खड्डा दिसत नव्हता, तरी माझ्या पायाला हिसका बसू नये म्हणून तुम्ही दुसऱ्या गिअरवर गाडी चालवत होतात. त्यातल्या एका दिवशी आपल्याला उशीर झाला. तुमच्या नावापुढे लाल शेरा पडला, हे मी महिनाअखेरीला हजेरीपटात पाहिलं. तुम्ही मला ते कधीच बोलला नाहीत.

यंदा येळवसेला मला शेतात जाता आलं नाही. ढेकळांतून चालणं शक्यच नव्हतं. दुसऱ्या दिवशी शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर तुम्ही वाटेत चिंचेखाली गाडी उभी केलीत आणि मागच्या सीटवरून डबा काढलात. भज्जी, उंडे आणि बाटलीत आंबिल. मी गाडीतच बसून जेवले, तुम्ही दाराला टेकून उभ्या होतात. इतकं चांगलं जेवण मला त्या सगळ्या महिन्यांत लागलं नव्हतं.

सोबत दोन किलो बोरसुरीची तूरडाळ पाठवते आहे. माहेरच्या शेतातली आहे, विकत आणलेली नाही. त्यामुळे नको म्हणू नका. हिचं वरण आदित्यला आवडेल.

आणखी एक ठरवलं आहे. त्याची दहावीची परीक्षा दोन आठवड्यांवर आली. पेपरच्या दिवशी तुम्हाला उशिरा यायचं असेल किंवा लवकर निघायचं असेल, तर तुमचे आठवीचे तास मी घेईन. मुख्याध्यापिका बाईंशी कालच बोलले आहे, त्यांची हरकत नाही. तुमचं मराठीचं पुस्तकही मी घरी आणलं आहे. तेव्हा त्या दिवसांत शाळेची काळजी करू नका, पोराजवळ थांबा.

स्कूटी सावकाश चालवीन. औशाला पोचल्यावर फोन करा म्हणालात, तर करीन. घरी सासूबाईंनी तुम्हाला नमस्कार सांगितलाय. सकाळी साडेनऊला त्या अजून खिडकीतून खाली बघतात.

तुमची,
सुनीता

ता. क. उशी धुऊन, उन्हात घालून डाळीच्या पिशवीत ठेवली आहे. एका कोपऱ्याची शिवण उसवली होती, ती घातली.