रजेचा अर्ज: सीए फायनल ग्रुप २, सप्टेंबर २०२५ (अभ्यासाच्या आणि पेपरच्या रजा वेगळ्या)

नमस्कार सर,

काल फोनवर बोलले त्याप्रमाणे रजेचं लिहून पाठवतेय. अ‍ॅडमिन मॅडमच्या फॉर्ममध्ये "एक्झाम लीव्ह" असा एकच कॉलम आहे, त्यात सगळं टाकलं तर ३ ते १३ सलग रजा दिसते आणि सीझनमध्ये ते बघून कोणीही नाहीच म्हणेल, म्हणून इथे फोड करून देतेय.

पेपरचे दिवस: बुधवार १० ला डायरेक्ट टॅक्स, शुक्रवार १२ ला इनडायरेक्ट टॅक्स. तिसरा पेपर १४ ला, रविवारच आहे, त्याची रजा लागत नाही. या दोन दिवसांत काही मागेपुढे होणार नाही. पेपर दुपारी दोनचा आहे पण सकाळी हाफ डे येऊन मग सेंटरला पळणं मला खरंच जमणार नाही सर, त्यामुळे पूर्ण दिवस धरा प्लीज.

मधले दिवस: गुरुवार ११ आणि शनिवार १३. हे कागदावर अभ्यासाचेच, पण मी ते पेपरसोबतच धरलेत. ११ ला जीएसटीआर-१ ची लास्ट डेट आहे हे माहितीये, माझ्याकडचे क्लायंट्स मी २ तारखेपर्यंत डेटा मागवून सायलीला शीट तयार करून देते, तिला फक्त चेक करून फाईल करायचं राहील. १३ चं म्हणाल तर १४ चा तिसरा म्हणजे सहावा पेपर चार तासांचा, ओपन बुक, सगळे विषय एकत्र, तुमच्या वेळी हा प्रकार नव्हता, पुस्तक समोर असलं तरी कुठे काय आहे ते आधी माहीत नसेल तर काही उपयोग नाही.

अभ्यासाचे दिवस: ३, ४, ५ आणि ८, ९. (६ ला अनंत चतुर्दशीची सुट्टी, ७ रविवार.) इथे तुम्ही म्हणाल तसं. ८-९ मिळाले तर फार बरं, रिव्हिजन तेव्हाच होते. ३ ते ५ मधला एखादा दिवस कमी करायचा असेल तर ३ ला येते, किंवा तीनही दिवस दुपारपर्यंत बसते, ऑडिटचं व्हाउचिंग तेवढ्यात उरकेल.

पगाराचं: पेपरचे दोन दिवस एक्झाम लीव्ह म्हणून पेड मिळावेत. मधले दोन माझ्या शिल्लक रजेतून कापा, अभ्यासाचे पण आधी त्यातूनच, आणि शिल्लक संपली की पुढचे विदाऊट पे चालतील. फक्त पेपरचे दिवस बॅलन्समधून जाऊ नयेत एवढंच.

१५ ला आयटीआरची लास्ट डेट, त्या दिवशी मी सकाळी नऊलाच ऑफिसात असेन आणि पोर्टल रडलं तर रात्री उशिरापर्यंत थांबेन. अ‍ॅडमिट कार्ड आलं की कॉपी पाठवते.

८-९ चं या शनिवारपर्यंत कळवाल का? म्हणजे सायलीलाही तिचं प्लॅनिंग करता येईल.

केतकी