बाथरूममधला गिझर टाकीच्या जोडातून गळत असल्याबाबत

कोथरूड, पुणे
12 डिसेंबर 2025

आदरणीय जोशीकाका,

सप्रेम नमस्कार. फोनवर थोडक्यात बोललो होतो, पण सगळं नीट कळावं म्हणून सविस्तर लिहीत आहे.

बाथरूममधला 15 लिटरचा गिझर खालून गळतो आहे. आधी वाटलं, सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकत असेल. गरम होताना तिथून थोडं पाणी येतंच. पण गिझर बंद असतानाही गळती थांबेना आणि पाण्याला गंजाचा तांबूस रंग यायला लागला. सोसायटीच्या ओळखीच्या मेकॅनिकला बोलावून खालचं झाकण उघडलं. एलिमेंटचं गॅस्केट चांगलं आहे. पाणी येतंय ते टाकीच्या वेल्डिंगच्या जोडातून, आणि तिथे गंजाची रेघ स्पष्ट दिसते. गॅस्केट गेलं असतं तर थोडक्या खर्चात काम झालं असतं. मात्र जोड गंजल्यावर वरून एम-सील लावून उपयोग नाही, गरम पाण्याच्या दाबाने ते सुटतं, असं त्याचं म्हणणं आहे. आपल्याकडे बोअरचं जड पाणी येतं, त्यामुळे आत क्षारही बराच साचला आहे.

मला जास्त काळजी विजेची वाटते. गळणारं पाणी थर्मोस्टॅट आणि वायरच्या जोडणीवरूनच खाली येतं. म्हणून गिझरचा एमसीबी पाडून ठेवला आहे आणि पाण्याचा अँगल कॉकही बंद केला आहे. घरात कुणीही तो चालू करू नये, असं सगळ्यांना सांगितलंय. मागच्या भिंतीला ओल धरली आहे. ती बेडरूमच्या बाजूला उतरण्याआधी काम व्हावं. तोवर गॅसवर पाणी तापवतोय, पण सासूबाईंना गुडघ्यांचा त्रास आहे आणि थंडी वाढते आहे. उकळत्या पाण्याची पातेली उचलून बाथरूमपर्यंत न्यायची मला भीती वाटते.

करारासोबतच्या सामानाच्या यादीत गिझर आहे आणि अशी मोठी दुरुस्ती मालकाकडे असल्याचं त्यात लिहिलंय. माझी विनंती एवढीच, की आधी बिल शोधून पाहावं. बऱ्याच कंपन्या टाकीची वॉरंटी बाकी गिझरपेक्षा जास्त वर्षांची देतात, त्यामुळे कदाचित टाकी बदलून मिळेल. सिरीयल नंबरच्या स्टिकरचा आणि गळतीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला आहे. वॉरंटी संपली असेल तर नवीन गिझर बसवून द्यावा. तुम्हाला नाशिकहून येणं जमणार नसेल, तर तुम्ही सांगाल तो गिझर मी इथे घेते, बिल तुमच्या नावावर करते आणि रक्कम जानेवारीच्या भाड्यातून वळती करू. पण तुमचा होकार लेखी मिळाल्याशिवाय मी काही खरेदी करणार नाही.

येत्या बुधवारपर्यंत कळवलंत तर बरं होईल. मेकॅनिकशी बोलायचं असल्यास नंबर पाठवते. काकूंना नमस्कार सांगा.

आपली,
सुषमा देशमुख