सूचना : 1 जुलैपासून शिफ्टची वेळ आणि शॉपफ्लोअरवरचा पोशाख

दिनांक : 15 जून 2026
प्रति : चाकण प्लांटमधील सर्व कायम, कंत्राटी व शिकाऊ कामगार, सुपरवायझर आणि ऑफिस स्टाफ

सहकाऱ्यांनो,

बुधवार, 1 जुलैपासून दोन नियम बदलत आहेत. कोणा एकाच्या चुकीमुळे ते आलेले नाहीत. आतापर्यंतच्या उशिरांचा हिशोबही पुढे धरला जाणार नाही. 1 तारखेला सगळ्यांची पाटी कोरी.

वेळ. शिफ्टच्या वेळा त्याच राहतील : सकाळी 7, दुपारी 3.30 आणि रात्री 12. आजवर पंचिंगला 15 मिनिटांची सवलत होती, ती आता 5 मिनिटांची होईल.

कारण साधे आहे. थर्ड शिफ्टची बस सकाळी 7.15 ला गेटवरून सुटते. फर्स्ट शिफ्टचा माणूस 7.14 ला आला तरी नियमाने तो वेळेवरच ठरतो, पण रात्रभर उभा राहिलेला त्याचा जोडीदार मशीन सोडू शकत नाही. ऑफसेट किती दिला, इन्सर्ट कधी बदलला, किती पीस तपासायचे राहिले हे सांगायला पाच मिनिटे लागतातच. तोवर बस गेलेली असते आणि तो तळेगाव चौकात रिक्षा शोधत उभा असतो. पाच मिनिटांची सवलत आणि पाच मिनिटांचे हँडओव्हर धरले, तर 7.10 ला तो मोकळा होतो. रात्री 12.15 च्या बसचेही गणित हेच. बस उशिरा सोडून पाहिली, पण मग शेवटच्या थांब्यावरच्यांना घरी पोचायला आणखी उशीर होऊ लागला.

उशीर होणार असे दिसले, तर शिफ्ट सुरू होण्याआधी सुपरवायझरला फोन करा. मेसेज नको, मशीनवर असताना तो पाहिला जात नाही. कंपनीची बस अडकली, पाऊस किंवा अपघाताने हायवे तुंबला, पालखी प्रस्थानाला आळंदीकडचे रस्ते बंद झाले, तर तो उशीर तुमच्या खाती धरणार नाही.

महिन्यात तीनदा सवलतीपेक्षा जास्त उशीर झाला, तर सुपरवायझर तुमच्याशी बसून बोलतील. शिफ्ट बदलून किंवा बसचा थांबा हलवून प्रश्न सुटत असेल तर आधी ते करू. पुढच्या महिन्यातही तेच झाले, तर लेखी पत्र मिळेल. हे आत्ताच सांगितलेले बरे. पगाराचा हिशोब आजच्याच पद्धतीने होईल. उशिराबद्दल वेगळा दंड नाही.

पोशाख. पिवळ्या पट्टीच्या आत सेफ्टी शूज, खोचलेला शर्ट आणि कोपराच्या वर बाह्या. केस लांब असतील तर टोपीत. ओढणी बाहेर काढून ठेवायची किंवा ॲप्रनच्या आत पक्की पिन करायची, मंगळसूत्र कॉलरच्या आत. अंगठी, कडे, घड्याळ, मनगटावरचा दोरा काढून लॉकरमध्ये. यात राखीही आली. ती दिवसभर लॉकरमध्ये राहिली म्हणून बहीण रागावणार नाही.

हातमोज्यांबद्दल गोंधळ आहे, म्हणून नीट वाचा. कास्टिंग उचलताना आणि बंद मशीनमधली चीप काढताना हातमोजे हवेतच. फिरत्या ड्रिलजवळ किंवा लेथवर मात्र ते अजिबात घालायचे नाहीत. लांब चीप मोज्याच्या कापडात अडकली की मोज्याबरोबर हातही आत ओढला जातो, आणि स्टॉपचे बटण दाबायला वेळ उरत नाही. मे महिन्यात एका सहकाऱ्याची बाही अशीच ड्रिलवर गुंडाळली गेली. कापड जुने होते, फाटले, म्हणून हात वाचला.

सध्या तुमच्याकडे गणवेशाचे दोन जोड आहेत. पावसात धुतलेला शर्ट दुसऱ्या दिवसापर्यंत वाळत नाही, ही तक्रार खरी आहे. म्हणून तिसरा जोड 22 ते 27 जूनदरम्यान स्टोअरमधून मिळेल. शूजचा तळ झिजला असेल तर जुने जमा करून नवे घ्या, पैसे कापले जाणार नाहीत. वेळेत साइझ मिळाली नाही, तर ती मिळेपर्यंत पट्टीच्या बाहेरचे काम दिले जाईल, हजेरी पूर्ण धरून.

गणवेश पूर्ण नसेल तर त्या दिवशी कुणाला घरी पाठवणार नाही. स्टोअरमधून उसना जोड घ्या आणि कामाला लागा.

हे नियम ऑफिस स्टाफ, पाहुणे आणि मलाही लागू आहेत. एप्रिलमध्ये मी घाईत चपला घालून लाइनवर आलो, तेव्हा एका शिकाऊ मुलाने मला पट्टीवरच थांबवले. त्याचे बरोबर होते. तुम्हीही थांबवा.

18 जूनला तिन्ही शिफ्टच्या जेवणाच्या सुट्टीत मी कॅन्टीनमध्ये असेन. घरात लहान मूल, आजारी माणूस किंवा डॉक्टरांनी शूजबद्दल दिलेली सूचना अशा अडचणी असतील, तर सगळ्यांसमोर बोलायची गरज नाही. टाइम ऑफिसमध्ये चिठ्ठी द्या, मी वेगळा भेटतो.

प्लांट मॅनेजर