आईला पत्र: सोफ्याचं कापड

पुणे,
७ नोव्हेंबर

ती. सौ. आईस,
सा. न.

पाकिटातले तीन तुकडे बघून दचकू नकोस. त्यांच्यावरचे डाग मीच पाडलेत. प्रत्येकावर डावीकडे हळद, मधे चहा आणि उजवीकडे आजीचं खोबरेल तेल. आपल्या हॉलमध्ये सोफ्याचं पुढे जे होणार आहे, ते इथे आधीच करून बघितलं. मग रात्रभर तसंच ठेवून सकाळी साध्या साबणाने धुतलं. दादा कामासाठी आलाच होता, म्हणून सगळं त्याच्या हाती देतेय. फोनवर फोटो पाठवून काही उपयोग झाला नसता. परवा तुला जो 'छान राखाडी' दिसला, तो मुळात हिरवा आहे.

पहिला तुकडा मोतिया रंगाचा, कॉटन आणि लिननचा. हात लावून बघ, उन्हाळ्यात यावर बसायला किती बरं वाटेल. एप्रिलमध्ये दुपारी आपला हॉल कसा तापतो ते तुला सांगायला नको. पण अण्णा मार्केट यार्डातून आले की कपडे बदलायच्या आधी पाच मिनिटं टेकतातच, आणि त्यांच्या शर्टावर कायम हळदीची पूड असते. साबण लागताच डाग लालभडक झाला. मी घाबरले, मग आठवलं की हळदीला चुना लागला की कुंकू होतं, त्यातलाच प्रकार. खळबळल्यावर परत पिवळा झाला. दोन दिवस गॅलरीत उन्हात टाकला, तर बराच फिका पडला. म्हणजे हळद ऊन दाखवलं की जाते. चहाची कड मात्र तशीच आहे, बघ. आणि दर महिन्याला चेन उघडून कव्हरं काढायची, धुवायची, गच्चीवर नेऊन वाळवायची, हे कोण करणार? तूच. म्हणून तो माझ्या यादीतून गेला. जाताना थोडं वाईट वाटलं, कारण मला स्वतःला तोच सगळ्यात आवडला होता.

दुसरा बाटली हिरवा, वेल्वेटचा. तुझं मन यावर आहे, मला माहितीये. शेजारच्या काकूंकडे असलाच बघून आल्यापासून तू दोनदा विषय काढलास. दुकानात दिव्याखाली तो खरंच राजेशाही दिसतो. पण तुकड्यावरून उलट्या दिशेने बोट फिरव. रेघ उमटली ना? चिकू सुट्टीला आला की पूर्ण सोफ्यावर त्याच्या हातापायांचे नकाशे दिसतील. तेलाचा डाग तर धुऊनही गडद राहिलाय. आजी जिथे डोकं टेकते ती जागा महिन्याभरात ओळखू येईल, आणि मग तू आजीला काही बोलणार नाहीस पण तिथे टॉवेल टाकशील.

हिरवा स्वस्त आहे असं तू म्हणालीस. मीटरला ४८० रुपये, तिसऱ्यापेक्षा ८० रुपयांनी कमी. पण वेल्वेटची लव एकाच दिशेला ठेवून कापावं लागतं, नाहीतर एक गादी गडद आणि एक फिकी दिसते. आपल्या सोफावाल्या काकांना मी फोन केला होता. ५४ इंची पन्ह्याचं दुसरं कोणतंही कापड ११ मीटर लागेल, वेल्वेट साडेबारा. म्हणजे वेल्वेटचे ६००० आणि तिसऱ्याचे ६१६०. एवढ्या १६० रुपयांसाठी भांडू नकोस.

आता तिसरा. विटकरी, जाड विणीचा, थोडा खरखरीत. हळद कुठे लावली होती ते शोधून दाखव. चहाही दिसत नाही. तेल धुण्याआधी दिसत होतं, नंतर गेलं. तुझ्या भाषेत सांगायचं तर मळखाऊ. लहानपणी मला या शब्दाचा राग यायचा, कारण दिवाळीचा फ्रॉकसुद्धा तू मळखाऊच घ्यायचीस. आज मीच तो वापरतेय, हसू नकोस.

पण मला तो केवळ मळखाऊ म्हणून नकोय. शिसवी पॉलिशच्या सागवानी फ्रेमवर हिरवा अंधारा वाटेल, मोतिया एकदम उठून दिसेल, आणि हा तिथेच जन्मल्यासारखा बसेल. खाली शहाबादी फरशी, मागे फिकट पिवळी भिंत. टेबलावर आडवा ठेवून बघू नकोस, फ्रेमच्या पायाला टेकवून उभा धर. दुपारी चार वाजता पश्चिमेच्या खिडकीतून ऊन येतं तेव्हा एकदा, आणि रात्री ट्यूबलाइट लावून एकदा. रात्री तो जरा चॉकलेटी वाटला तर मला सांग, त्याच विणीत एक उजळ छटाही आहे.

माझी एक अट मात्र आहे. यावर चादर घालायची नाही.

लहानपणी मी त्या सोफ्याचं मूळ कापड किती वेळा पाहिलं असेल? पाहुणे आले की तू चादर ओढून काढायचीस आणि ते जिना उतरले की परत घालायचीस. निळ्या फुलांचं सुंदर कापड होतं ते. २०१९ च्या पुरात गावभागात पाणी शिरलं आणि ते चिखलासकट गेलं. नवंच होतं गं जवळजवळ, पंधरा वर्षं झाली तरी. आपण ते जपलं कोणासाठी? सागवान तेवढा सावलीत वाळवून वाचला. मग घाईत जे मिळालं ते रेक्झिन लावलं, त्याची आता सालपटं निघून मांडीला चिकटतात, आणि त्याच्यावरही तू चादर घातलीच आहेस!

अण्णांना मळक्या शर्टाने बसू दे. चिकूला भडंगाचे हात पुसू दे. (पुसायला नको म्हण, पण पुसले तर ओरडू नकोस.) हे कापड त्यासाठीच आहे.

फोम मी ४० डेन्सिटीचा सांगितलाय, आजीला उठताना त्रास होऊ नये म्हणून बैठक जरा कडकच बरी. हातांवर वेगळी काढता येणारी कव्हरं शिवायची, तीच आधी खराब होतात. कव्हरांना चेन मागच्या बाजूने.

गुरुवारपर्यंत सांग. दुकानात या थानाचं १४ मीटरच उरलंय, आणि पुढच्या थानात रंग किंचित वेगळा येऊ शकतो असं दुकानदार म्हणाला. एक मीटर जास्तच घेते, पुढेमागे एखादी गादी फाटली तर असू दे. तुला हिरवाच हवा असेल तर तसं स्पष्ट सांग, मी हिरवाच आणीन. 'तुला बरं वाटेल ते घे' असं मात्र म्हणू नकोस. तो हॉल तुझा आहे.

आजीला नमस्कार. दादा परत येईल तेव्हा भडंग पाठव, लसूण जास्त घातलेलं.

तुझी,
मनू

ता. क. मोतिया तुकडा टाकू नकोस. गच्चीवर ऊन दाखवत राहा आणि हळद पूर्ण जाते का ते मला कळव. माझ्या गॅलरीत चारनंतर ऊनच येत नाही.