गती थोडी कमी करू या

पुणे, सोमवार, रात्री उशिरा

प्रिय निखिल,

हे समोरासमोर बोलायला हवे होते, हे मला मान्य आहे. पण मागे दोनदा मी विषय काढला, तू गप्प झालास, तुझ्या गप्प होण्याने मी कासावीस झाले आणि शेवटी तुझी समजूत काढण्यातच वेळ गेला. मूळ गोष्ट होती तिथेच राहिली. म्हणून हे पत्र. पुढचे वाचताना तुझ्या पोटात गोळा येऊ नये यासाठी एक गोष्ट आधीच सांगते: मला तू आवडतोस, मला हे नाते हवे आहे आणि यातून बाहेर पडण्याची वाट मी शोधत नाही. मला फक्त याची गती कमी करून हवी आहे.

काल सिंहगडावरून उतरल्यावर खडकवासल्याला आपण गाडी बाजूला लावून कणसे खात होतो. बाहेर पाऊस होता, काचांवर वाफ धरली होती, आणि तू जवळ आलास तेव्हा मी तोंड फिरवून "कणीस गार होतंय" असे म्हणाले. तू हसलास, मीही हसले. पण ते कणसाबद्दल नव्हते. तू काही चुकीचे केलेस असे मला म्हणायचे नाही. मी तोवर कधी स्पष्ट बोलले नव्हते आणि तुला मनातले ओळखता यावे ही अपेक्षा अन्यायाची आहे. म्हणून आता स्पष्ट सांगते. तू हात हातात घेतोस ते मला आवडते, निरोप घेताना मिठी मारतोस तीही आवडते. त्यापुढे जायला माझे मन अजून तयार नाही. लोणावळ्याला मुक्कामी जाण्याचा बेतही म्हणूनच आत्ता नको. जेव्हा मला पुढे जावेसे वाटेल तेव्हा मी आपणहून सांगेन. तोवर तू अंदाज घेऊन पाहू नयेस, कारण तसे झाले की उरलेला सगळा वेळ मी सावध राहण्यात घालवते आणि तुझ्या गप्पांकडे माझे लक्ष राहत नाही.

यामागे एखादी जुनी जखम असेल असे तुला वाटेल, पण तसे काही नाही. (मुलगी "जरा थांब" म्हणाली की तिच्या भूतकाळात कोणीतरी असणारच, असे लोक का धरून चालतात, कोण जाणे.) माझा स्वभावच सावकाश रुळण्याचा आहे. आपली ओळख होऊन जेमतेम तीन महिने झाले. "अहो"वरून "अरे"वर यायला मला त्यातला दीड महिना लागला, हे तुला आठवत असेल.

मनाच्या बाबतीतही माझे हेच म्हणणे आहे. तू रोज रात्री साडेदहाला फोन करतोस, त्यामागची माया मला कळते. पण दिवसभर ऑफिसात बोलून आल्यावर तासभर बोलण्याइतकी मी उरलेली नसते, आणि मग मी नुसते "हं, हं" करते, जे तुझ्यावर अन्यायाचे आहे. आपण बुधवारी आणि शुक्रवारी निवांत बोलू. एरवी मेसेज पुरे. मी उत्तर उशिरा दिले तर रागावले आहे असे समजू नकोस. तसेच, "आपल्या घरात" असे म्हणत तू बाणेरच्या फ्लॅटचे फोटो पाठवतोस, दिवाळीत तुझ्या आजीला भेटायला नाशिकला जायचे ठरवतोस, तेव्हा मला आनंद होतो आणि त्याच क्षणी धापही लागते. आजींना मला नक्की भेटायचे आहे. पण घरच्या मोठ्यांना भेटले की आपल्याकडे तिथूनच तारखा निघू लागतात, हे तूही जाणतोस. दिवाळीनंतर आपण दोघांनी आधी बोलू या आणि मग ठरवू.

हे वाचून तुला वाईट वाटले तर ते लपवू नकोस. तुला थांबणे जड जात असेल, किंवा इतकी सावकाश चाल तुला मानवत नसेल, तर तेही मोकळेपणाने सांग. मी ऐकून घेईन, मनात आकस ठेवणार नाही. फक्त "बरं, तुला हवं तसं" एवढेच लिहून आतल्या आत कुढू नकोस. उत्तर लगेच यावे असेही नाही.

रविवारचे मात्र मोडू नकोस. नेहमीप्रमाणे सहा वाजता स्वारगेटला भेटू. या वेळी गडावर पिठलं-भाकरी माझ्याकडून, आणि मडक्यातले दही तुझ्याकडून, कारण मागच्या वेळी माझे अर्धे दही तूच संपवले होतेस.

तुझी,
मानसी